उलटा ताळा, पण दुसऱ्या वाटेने

२१७ ही संख्या बायनरीत न्यायची आहे असं समजा. दोनने भागत जायचं आणि बाक्या खालून वर वाचायच्या: ११०११००१. वरून खाली वाचल्या तर १००११०११ येतं, म्हणजे १५५. इथे ताळा चूक लगेच पकडतो.

ऑक्टलमध्ये खरी गंमत आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे, डावीकडे कमी पडलं तर शून्य जोडायचं: ०११ ०११ ००१, उत्तर ३३१. पुष्कळ मुलं डावीकडून गट पाडतात: ११० ११० ०१, आणि ६६१ लिहितात. परत फिरताना शेवटच्या १ चं ‘०१’च केलं, तर मूळ बायनरी जशीच्या तशी मिळते आणि चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण पडते! आल्या वाटेने परतलं की असं होतं.

म्हणून ताळा स्थानिक किमतींनी करावा. ६×६४ + ६×८ + १ = ४३३, म्हणजे गडबड. ३×६४ + ३×८ + १ = २१७, जुळलं.

हेक्साडेसिमलमध्ये गट चारचे: ११०१ १००१, म्हणजे D9. D म्हणजे १३; १३×१६ + ९ = २१७. इथे आठही अंक दोन गटांत नेमके बसतात, त्यामुळे डावीकडून गट पाडणाराही सुटतो. म्हणून शिक्षकांनी दहा अंकी बायनरी द्यावी.