रेल्वेतले जेवण: समज आणि वस्तुस्थिती

लांब पल्ल्याच्या गाडीत जेवण दोन वेगळ्या वाटांनी मिळते. एक गाडीतल्या पॅन्ट्री कारमधून आणि दुसरी वाटेतल्या स्थानकावरच्या उपाहारगृहातून. दोन्ही ‘रेल्वेचेच जेवण’ असे समजले जाते आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथेच आहे.

स्थानकावरून जागेवर जेवण पोचवण्याची सेवा म्हणजे आयआरसीटीसीचे ई-कॅटरिंग. ecatering.irctc.co.in हे संकेतस्थळ, ‘फूड ऑन ट्रॅक’ हे ॲप किंवा १३२३ हा दूरध्वनी क्रमांक यांवरून मागणी नोंदवता येते. पीएनआर दिला की गाडीच्या मार्गावर कोणत्या स्थानकांत ही सोय आहे ते दिसते. गाडी जिथे थांबते तिथे सर्वत्र ती मिळते, हा समज खरा नाही. मुंबईहून पहाटे सुटणाऱ्या गीतांजली एक्स्प्रेसच्या प्रवाशाने दुपारच्या जेवणासाठी भुसावळ आणि रात्रीच्या जेवणासाठी नागपूर निवडणे सोयीचे, कारण जेवणाच्या वेळेच्या जवळ येणारी ही मोठी स्थानके आहेत. दोन मिनिटांच्या थांब्यावर जेवण घेऊन येणाऱ्याला डबा शोधायलाही वेळ पुरत नाही. गाडीत जागा बदलली असेल, तर ते त्याला आधीच कळवावे. मागणीवर तिकिटावरचाच आसन क्रमांक असतो.

या जेवणाला रेल्वेचे ठरलेले दर लागू नसतात. उपाहारगृह आपले दर लावते आणि तेच मागणी नोंदवताना दिसतात. इंटरनेटवर याच कामाची अनधिकृत संकेतस्थळेही सापडतात. तिथे पैसे भरल्यावर जेवण आले नाही, तर रेल्वेकडे दाद मागता येत नाही.

पॅन्ट्री कारमध्ये उलट स्थिती आहे. मेल-एक्स्प्रेस गाड्यांत प्रमाणित शाकाहारी जेवण ८० रुपये, अंड्याचे ९० आणि चिकनचे १३० रुपये, करासह. हेच शाकाहारी जेवण स्थानकावरच्या स्टॉलवर ७० रुपयांना मिळते. ८० रुपयांत १५० ग्रॅम भात, १५० ग्रॅम डाळ किंवा सांबार, १०० ग्रॅम भाजी, दोन पराठे किंवा चार पोळ्या, ८० ग्रॅम दही आणि लोणचे येते. सप्टेंबर २०२५ पासून एक लिटर रेल नीरची किंमत १४ रुपये आहे. तिघांच्या कुटुंबाने दोन शाकाहारी, एक अंड्याचे जेवण आणि दोन बाटल्या घेतल्या, तर हिशेब २७८ रुपयांवर थांबायला हवा.

प्रत्यक्षात वेटर ‘थाळी १२०’ म्हणतो, आणि ती प्रत्येक वेळी सरळ लूट असते असे नाही. पनीर किंवा गोड पदार्थ वाढवून दिलेली थाळी प्रमाणित यादीबाहेरची असते. फसवणूक होते ती ८० रुपयांची थाळी आहे हे लपवले जाते तेव्हा. म्हणून ‘स्टँडर्ड व्हेज मील’ असे नाव घेऊनच मागावे आणि बिल मागून घ्यावे. बिल दिले नाही, तर जेवण फुकट, असे रेल्वेचे जाहीर धोरण आहे. तक्रार १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर करता येते. गाडी क्रमांक, डबा आणि बिलाचे छायाचित्र सोबत असावे. राजधानी, वंदे भारत यांसारख्या गाड्यांत जेवणाचे पैसे तिकिटातच घेतले जातात. तिकीट काढताना जेवण नाकारण्याचीही मुभा असते.

सर्वांत धोक्याचा गैरसमज ॲलर्जीबाबतचा आहे. ‘जैन जेवण’ किंवा ‘साधे जेवण’ मागितले की सुरक्षित, असे अनेकांना वाटते. जैन जेवणात कांदा, लसूण आणि कंदमुळे नसतात. शेंगदाणे, काजू, दूध आणि गहू असू शकतात. पनीरच्या रश्शाला घट्टपणा येतो तो बहुतेकदा काजूच्या वाटणाने. गव्हातले ग्लूटेन वर्ज्य असलेल्याने पोळी बाजूला ठेवून वरण-भात खाल्ला, तरी फोडणीतला हिंग उरतोच, कारण बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात सहसा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. त्यातच पॅन्ट्रीची जागा अरुंद, पळ्या आणि तळणीचे तेल सामाईक. तिथल्या स्वयंपाक्याने ‘शेंगदाणे घातलेले नाहीत’ असे प्रामाणिकपणे सांगितले, तरी दुसऱ्या पदार्थाचा अंश लागलेला नाही याची हमी तो देऊ शकत नाही. ई-कॅटरिंगच्या मागणीसोबत दिलेली सूचनाही विनंतीच असते.

सौम्य त्रास होणाऱ्याला चौकशी करून पदार्थ निवडता येतात. तीव्र ॲलर्जी असलेल्याने मात्र घरचा डबा, सोलून खायची फळे आणि घटकांची यादी छापलेली सीलबंद पाकिटे यांवरच विसंबावे. अशा पाकिटांवर ॲलर्जीकारक घटक नमूद करणे कायद्याने बंधनकारक आहे. घरच्या डब्यातल्या भाकरीचे पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेले असले, तर ग्लूटेन वर्ज्य असलेल्याला तेही चालत नाही.

ओठ सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसली, तर ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीवर थांबू नये. अशा वेळी उपचार ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनाचा असतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, वापर शिकून सोबत ठेवावे आणि दिल्याबरोबर टीटीईला सांगून १३९ वर पुढच्या थांब्यासाठी डॉक्टर मागवावा.