मार्चअखेरचे भाडे आणि न भरलेले वीज बिल

वर्षाचा हिशेब बंद करताना त्या वर्षात किती पैसे दिले यापेक्षा त्या वर्षासाठी किती खर्च झाला, हे पाहावे लागते. हे दोन आकडे क्वचितच सारखे असतात. काही पैसे पुढच्या वर्षाच्या वापरासाठी आधीच देऊन झालेले असतात, त्यांना पूर्वदत्त खर्च म्हणतात. याउलट काही गोष्टी वापरून झालेल्या असतात, पण त्यांचे पैसे अजून द्यायचे असतात. तो अदत्त खर्च. हिशेबाच्या टेबलावर याच दोघांना ‘प्रीपेड’ आणि ‘आउटस्टँडिंग’ म्हणतात. ३१ मार्चच्या तारखेने त्यांच्या ज्या नोंदी घातल्या जातात, त्या समायोजन नोंदी.

समजा, कोल्हापुरात एका छोट्या छापखान्याने १ डिसेंबर २०२४ रोजी भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केले. भाडे महिना १५,००० रुपये. मालकाने वर्षभराचे भाडे एकदम मागितले, म्हणून त्याच दिवशी १,८०,००० रुपयांचा चेक दिला गेला आणि सगळी रक्कम भाडे खात्याला नावे पडली. त्या दिवशी त्यात काही वावगे नव्हते. मार्च उजाडला तरी खात्यात तोच आकडा दिसतो, तेव्हा मात्र अडचण होते. गाळा वापरला गेला आहे डिसेंबर ते मार्च असे चारच महिने, म्हणजे ६०,००० रुपयांचा. उरलेल्या आठ महिन्यांचे १,२०,००० रुपये पुढच्या वर्षाचे आहेत. ते खर्चातून काढून संपत्तीत न्यायचे, कारण ३१ मार्चला छापखान्याकडे आठ महिने गाळा वापरण्याचा हक्क शिल्लक आहे आणि त्याची किंमत चुकती झालेली आहे. नोंद अशी पडते: पूर्वदत्त भाडे खाते नावे १,२०,०००, भाडे खाते जमा १,२०,०००.

या नोंदीत रोकड किंवा बँक कुठेही येत नाही. पैसे डिसेंबरमध्येच गेले, मार्चमध्ये फक्त ते कोणत्या वर्षाचे हे ठरले. समायोजन नोंद ओळखण्याची ही सोपी खूण आहे, आणि टॅलीत ती पेमेंट व्हाउचरने न घालता F7 दाबून जर्नल व्हाउचरने घालतात ती याचसाठी.

विजेचे प्रकरण थोडे जास्त बारकाईने पाहावे लागते, कारण मीटरचे रीडिंग वर्षअखेर पाहून घेतले जात नाही. या छापखान्याचे रीडिंग महिन्याच्या मध्यावर होते. १६ फेब्रुवारीपर्यंतची बिले भरून झाली आणि वीज खर्च खात्यात १५,५०० रुपये दिसतात. १७ फेब्रुवारी ते १६ मार्चचे ६,२०० रुपयांचे बिल आले आहे, पण ते एप्रिलमध्ये भरले जाणार. हे बिल फाइलमध्ये समोरच असल्याने सहसा विसरले जात नाही. निसटते ते त्यापुढचे. १७ ते ३१ मार्च या पंधरा दिवसांत यंत्रे चाललेलीच आहेत, फक्त त्यांचे बिल अजून छापलेले नाही. हिशेब प्रत्यक्षात मे-जूनमध्ये पुरा होतो, तोवर पुढचे बिल हाती येते: १७ मार्च ते १५ एप्रिल, तीस दिवस, ६,६०० रुपये. त्यातले निम्मे दिवस मार्चचे, म्हणून ३,३०० रुपये जुन्या वर्षाचे. बिल आलेच नसेल तर मागच्या बिलांवरून अंदाज धरतात. थोडाफार फरक पडला तर तो नव्या वर्षात जातो आणि त्याने कोणाचे बिघडत नाही. पण काम मार्चमध्येच वाढले असेल, तर दिवसांच्या प्रमाणात केलेली वाटणी फसवी ठरते. अशा वेळी ३१ मार्चला संध्याकाळी मीटरचा फोटो काढून ठेवणे उत्तम.

दोन्ही मिळून अदत्त रक्कम ९,५०० रुपये. नोंद: वीज खर्च खाते नावे ९,५००, अदत्त वीज बिल खाते जमा ९,५००. वीज खर्च आता २५,००० रुपये झाला आणि ९,५०० रुपयांचे देणे ताळेबंदात आले.

समायोजनाआधी छापखान्याचा चार महिन्यांचा नफा ४०,००० रुपये दिसत होता. भाड्यातून १,२०,००० रुपये कमी झाल्याने तो वाढतो, विजेच्या ९,५०० रुपयांनी घटतो आणि १,५०,५०० रुपयांवर येतो. ताळेबंदाच्या संपत्तीच्या बाजूला १,२०,००० रुपयांची भर पडली. समोरच्या बाजूला देणे ९,५०० रुपयांनी आणि नफ्यामुळे मालकाचे भांडवल १,१०,५०० रुपयांनी वाढले. बेरीज पुन्हा १,२०,०००. मात्र ताळेबंद जुळला म्हणून समायोजन बरोबर असे समजू नये. दोन्ही नोंदी विसरल्या असत्या तरी तो जुळलाच असता. ४०,००० रुपयांचा नफा पाहून बँकेने कर्ज नाकारले असते, एवढेच.

चुका बहुधा ठरावीक जागी होतात. पहिली अनामत रकमेची. गाळ्याच्या मालकाकडे ठेवलेली अनामत परत मिळायची असते, महिन्यागणिक ती संपत नाही, म्हणून तिला पूर्वदत्त भाड्यात धरता येत नाही. दुसरी चूक दिशेची. काही जण आगाऊ भाडे सुरुवातीलाच पूर्वदत्त खात्यात टाकतात. तसे असेल तर मार्चमध्ये उरलेले १,२०,००० रुपये हलवायचे नसतात, वापरलेले ६०,००० रुपये खर्चात आणायचे असतात. आधी खाते उघडून मूळ नोंद पाहिल्याशिवाय आकडा ठरवू नये. वाणिज्याच्या वर्गात आणखी एक नियम घोटून घेतात: तेरजेत असलेली बाब अंतिम खात्यांत एकदाच दाखवायची, तेरजेखाली समायोजनात दिलेली दोनदा. तेरजेत पूर्वदत्त भाडे आधीच दिसत असेल तर नोंद होऊन गेलेली असते. मग ते फक्त ताळेबंदात जाते, भाड्यातून पुन्हा वजा होत नाही.

हा सगळा खटाटोप सर्वांनाच करावा लागतो असे नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे कंपन्यांनी उपार्जित पद्धतीनेच हिशेब ठेवायचा असतो. एकट्या मालकाचा धंदा आयकरासाठी रोख पद्धतही नियमितपणे पाळू शकतो, आणि त्या पद्धतीत दिले ते खर्च, न दिले ते नाही.

१ एप्रिलला दोन्ही नोंदी उलटवतात. भाडे खाते १,२०,००० रुपयांनी नावे होते आणि पूर्वदत्त खाते रिकामे होते. अदत्त वीज बिल खाते ९,५०० रुपयांनी नावे होऊन संपते आणि वीज खर्च खात्याला तेवढी रक्कम जमा पडते. पुढे ६,२०० आणि ६,६०० रुपयांची बिले नेहमीप्रमाणे भरली, म्हणजे एकूण १२,८००, की नव्या वर्षाच्या वीज खर्चात ३,३०० रुपयेच उरतात, नेमके एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याचे. उलट नोंद राहून गेली तर ९,५०० रुपयांचा खर्च दोन वर्षांत दोनदा मोजला जातो. पुढच्या मार्चच्या तेरजेत अदत्त वीज बिलाचा तोच जुना आकडा जसाच्या तसा बसलेला दिसला, तर चूक इथेच झाली असे समजावे.