स्पूलवरची व्याख्याने आणि स्टुडिओला पाठवायची ईमेल

डिलाईल रोडवरच्या, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत पोटमाळा हीच साठवणीची जागा. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करायची वेळ आली की माळ्यावरचे सगळे खाली उतरते. ज्या घरातले वडील कामगारांच्या अभ्यासवर्गात किंवा व्याख्यानमालेत बोलत असत, त्या घरी पत्र्याच्या पेटीत टेपची स्पूलेही निघू शकतात. ती संगणकावर उतरवून घेण्यासाठी स्टुडिओला लिहिताना बहुतेक जण एकच ओळ लिहितात: ‘आमच्याकडे ११ स्पूल आहेत, किती खर्च येईल?’ या प्रश्नाला खरे उत्तर देता येत नाही. स्टुडिओचे काम प्रामुख्याने टेप चालण्याच्या तासांवर आणि टेपच्या अवस्थेवर ठरते, स्पूलांच्या संख्येवर फार थोडे. या दोन गोष्टी ईमेलमध्ये नीट आल्या, तरच कोटेशन भरवशाचे होते.

तासांचा अंदाज टेप न वाजवता बांधता येतो. त्यासाठी टेपची लांबी, वेग आणि ट्रॅक कळावे लागतात. घरगुती स्पूल साधारणपणे ५ किंवा ७ इंच व्यासाचे असते आणि टेप पाव इंच रुंद. लांबी खोक्यावर फुटांत छापलेली असते. टेप जितकी पातळ तितकी ती त्याच स्पूलावर जास्त मावते, म्हणून ७ इंची स्पूलावर १२०० फूट असू शकते, तशीच १८०० फूटही. वेग सेकंदाला किती इंच टेप सरकते यावर मोजतात. घरगुती यंत्रांवर ७½, ३¾ आणि १⅞ हे वेग नेहमीचे. वेग निम्मा झाला की तेवढ्याच टेपवर दुप्पट वेळ मावतो.

ट्रॅकचा मुद्दा सहज निसटतो. दोन ट्रॅकच्या यंत्रावर टेपच्या अर्ध्या रुंदीत एक बाजू भरते आणि स्पूल उलटले की उरलेल्या अर्ध्यात दुसरी. चार ट्रॅकच्या यंत्रावर मोनो रेकॉर्डिंग केले असेल, तर त्याच टेपवर चार वेगवेगळी भाषणे असू शकतात. जुना टेपरेकॉर्डर घरात असेल तर त्यावरचे मॉडेलचे नाव आणि वेगाच्या बटणावरचे आकडे टिपून घ्यावेत. खोक्यावर वडिलांच्या अक्षरात १, २, ३, ४ असे क्रमांक असतील तर चार ट्रॅकची शक्यता मोठी.

आता ११ स्पूलांचा हिशेब पाहू. समजा, त्यातली ६ स्पूले ७ इंची आणि १८०० फुटांची आहेत, ५ स्पूले ५ इंची आणि ९०० फुटांची. वेग ३¾ धरला तर मोठ्या स्पूलाची एक बाजू ९६ मिनिटे चालते, लहानाची ४८. दोन्ही बाजू भरलेल्या धरल्या तर मोठी स्पूले १९ तास १२ मिनिटांची आणि लहान ८ तासांची, म्हणजे एकूण सव्वासत्तावीस तासांच्या जवळ. पण खरा वेग १⅞ निघाला तर हाच आकडा साडेचोपन्न तासांवर जातो. म्हणून अंदाज कशावरून बांधला तेही लिहावे, म्हणजे वेग वेगळा निघाल्यास दर कसा बदलेल हे स्टुडिओला आधीच सांगता येते.

अवस्था डोळ्यांनी आणि नाकाने तपासायची. मुंबईच्या दमट हवेत टेपच्या कडांवर पांढरी, कापसासारखी बुरशी येते. ती दिसली तर स्पूल वेगळ्या पिशवीत ठेवून तसे कळवावे, कारण बुरशी काढल्याशिवाय स्टुडिओ ते यंत्रावर चढवणार नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर टेपचा पाया ॲसिटेटचा आहे आणि तो झिजतो आहे. स्पूल उजेडासमोर धरल्यावर टेपच्या गुंडाळीतून उजेड झिरपत असेल, तरी ती ॲसिटेटची असण्याचा संभव असतो. पॉलिएस्टरची गुंडाळी अपारदर्शक दिसते. हा फरक कामाचा आहे. १९७०च्या पुढच्या काही पॉलिएस्टर टेप दमटपणाने चिकट होतात आणि त्या मंद, नियंत्रित उष्णतेत तासन्‌तास ठेवून तात्पुरत्या वाजण्याजोग्या करतात. ॲसिटेटला मात्र ती उष्णता देऊ नये. शिवाय जुन्या जोडपट्ट्यांचा गोंद वाळतो आणि वाजवताना जोड सुटतात, म्हणून दिसणारे जोडही कळवावेत.

‘आवाज आहे का’ हे पाहण्यासाठी घरच्या जुन्या यंत्रावर टेप लावू नये. यंत्राचे रबर कडक झालेले असते आणि टेप ओढली जाऊन ताणते किंवा तुटते. चिकट टेपचा थर निघून हेडवर बसला तर त्यासोबत आवाजही गेला. पहिली वाजवणी स्टुडिओतच व्हावी.

ईमेल अशी असू शकते:

विषय: ११ स्पूल टेपच्या डिजिटल प्रतींसाठी कोटेशन

सप्रेम नमस्कार,
माझ्या कै. वडिलांच्या व्याख्यानांची ११ स्पूले आमच्याकडे आहेत. ६ स्पूले ७ इंची (खोक्यावर १८०० फूट), ५ स्पूले ५ इंची (९०० फूट). सगळे बोलणेच आहे, संगीत नाही. ४ खोक्यांवर वेग ३¾ लिहिला आहे, बाकीच्यांचा माहीत नाही. ट्रॅक किती हेही माहीत नाही. सगळीकडे ३¾ आणि दोन बाजू धरल्यास सुमारे २७ तास होतात. २ स्पूलांवर बुरशी दिसते, एकाला आंबट वास आहे. गेली अनेक वर्षे एकही टेप वाजवलेली नाही. खोक्यांच्या दोन्ही बाजूंचे आणि टेपच्या कडांचे फोटो जोडले आहेत.
प्रत्येक बाजूची २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची मोनो वेव्ह फाइल हवी. तिच्यात खरखर कमी करणे किंवा कापाकापी नको. ऐकण्यासाठी वेगळी एमपी३ प्रत हवी. मूळ स्पूले खोक्यांसह परत हवीत.
कृपया कळवावे: दर तासावर की स्पूलावर? रिकाम्या टेपचे पैसे लागतात का? बुरशी आणि जोडदुरुस्तीचा आकार वेगळा आहे का? आधी एकच स्पूल उतरवून पाहता येईल का?
आपला / आपली,

यातल्या फाइलच्या मागणीला कारण आहे. अशी मोनो फाइल तासाला सुमारे १ जीबी होते, म्हणजे २७ तासांना २७–२८ जीबी. ती साध्या पेन ड्राइव्हवरही मावते, तेव्हा जागा वाचवण्यासाठी दर्जा उतरवायची गरज नाही. खरखर काढताना ‘स’, ‘श’सारखे उच्चार बोथट होऊ शकतात आणि साफ केलेल्या प्रतीतून मूळ आवाज परत मिळत नाही. मूळ प्रत शाबूत असली तर सफाई पुढे कधीही करता येते.

उत्तरे आली की आधी ती एकाच मापावर आणावीत. एक स्टुडिओ स्पूलामागे दर सांगतो, दुसरा टेपच्या तासामागे, तिसरा कामाच्या तासामागे. काही ठिकाणी दोन्ही बाजू एकाच फेरीत घेतात: एक बाजू उलटी वाजते आणि मग संगणकावर सुलटी करतात. त्यामुळे कामाचे तास निम्मे होतात, म्हणून कोटेशन या पद्धतीचे आहे का ते विचारावे. एक स्पूल आधी उतरवून घेतले की वेग, ट्रॅक आणि अवस्था तिन्ही त्या स्पूलापुरती कळतात आणि बाकीच्यांचा अंदाज सुधारतो. त्यानंतरच्या अंतिम कोटेशनमध्ये तास वाढल्यास जादा तासाचा दर आणि कोणत्या रकमेपुढे घरच्यांना विचारल्याशिवाय काम करायचे नाही, या दोन गोष्टी लेखी असाव्यात.