खोक्याच्या फोटोतली कॅसेट कोणती?

माळा आवरायला काढला की एखादं खोकं निघतंच. कॅसेटी, एकदोन काळ्या चकत्या, तबकड्या, वर धूळ. मग त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो आणि खाली प्रश्न असतो, 'यातलं काय काय वाजवता येईल?' जुन्या फितींचं संगणकावर रूपांतर करण्याचं काम मी करतो, त्यामुळे असे फोटो मला नेहमी येतात. वाजवायचं यंत्र कोणतं लागणार हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच सुचवता येत नाही, म्हणून पहिलं काम ओळखण्याचं. आणि फोटोची अडचण अशी की त्यात आकार दिसतो, माप दिसत नाही. दहा सेंटिमीटरची कॅसेट आणि साडेनऊ सेंटिमीटरची कॅसेट फोटोत सारखीच वाटते, पण एक टेपरेकॉर्डरमध्ये जाते आणि दुसरीला व्हिडिओ कॅमेरा लागतो.

एका फोटोचं सविस्तर सांगतो. नाशिकच्या एका ओळखीच्या कुटुंबानं पाठवलेलं चपलांचं खोकं होतं. वर चारपाच गाण्यांच्या कॅसेटी, एका कडेला मोठी काळी व्हिडिओ कॅसेट, कोपऱ्यात दोन फ्लॉपी, आणि मधोमध एक छोटी काळी कॅसेट. तिच्या चिठ्ठीवर बॉलपेननं लिहिलं होतं, 'लग्न, मे २००१'. घरच्यांना हवी होती ती हीच. त्यांना वाटत होतं की ही छोटी कॅसेट त्या मोठीची धाकटी बहीण असावी आणि एका मोठ्या सांगाड्यात घालून ती व्हीसीआरवर लागेल.

असा सांगाडा खरोखर असतो, म्हणून त्यांचा अंदाज चुकीचा म्हणता येत नव्हता. तो खरा की खोटा हे ठरवण्यासाठी आधी फोटोत मोजपट्टी शोधायची. गाण्यांची कॅसेट ही त्या कामाला सर्वांत चांगली, कारण फिलिप्सनं १९६३ मध्ये ती आणली तेव्हापासून तिचं माप बदललेलं नाही. लांबी साधारण १० सेंटिमीटर, रुंदी ६.४, जाडी १२ मिलिमीटर. ती ओळखणंही सोपं. तिच्या दोन दातेरी भोकांतून आरपार दिसतं, खाली वर्तमानपत्र असेल तर त्याची अक्षरं भोकातून दिसतात. व्हिडिओ कॅसेटींची भोकं फक्त खालच्या बाजूला उघडतात आणि फीत समोरच्या झाकणामागे लपलेली असते. एवढी एकच गोष्ट पाहिली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा केला आणि सरळ पट्टी लावली. गाण्यांची कॅसेट ४० मिलिमीटर भरली, छोटी काळी ३८. प्रमाण लावलं तर छोटीची लांबी साडेनऊ सेंटिमीटर येते. या मापाला दोन उमेदवार आहेत. एक आठ मिलिमीटर फितीची कॅमेऱ्याची कॅसेट, लांबी ९.५ सेंटिमीटर. दुसरी व्हीएचएस-सी, लांबी ९.२. म्हणजे पडद्यावर जेमतेम एका मिलिमीटरचा फरक, आणि फोनचा कॅमेरा थोडा तिरका धरला तरी एवढी चूक सहज होते. खोक्याच्या तळाशी असलेली वस्तू वरच्या वस्तूपेक्षा लहान दिसते, कडेची वस्तू ताणलेली दिसते. लांबी-रुंदीचं गुणोत्तर काढूनही उपयोग होत नाही, कारण या दोन्ही आणि गाण्यांची कॅसेट, तिघींची लांबी रुंदीच्या दीडपटीच्या आसपासच असते. इथे निकाल देणं म्हणजे पैसा फेकून छाप की काटा बघणं झालं असतं.

म्हणून दुसरा फोटो मागवला. छोटी कॅसेट आणि गाण्यांची कॅसेट शेजारी शेजारी उभ्या करून, जाडी दिसेल असा. व्हीएचएस-सी २३ मिलिमीटर जाड असते, म्हणजे गाण्यांच्या कॅसेटच्या जवळजवळ दुप्पट. आठ मिलिमीटरची १५, म्हणजे थोडीशीच जास्त. फोटोत फरक थोडाच होता. तिसरा फोटो खालच्या बाजूचा. व्हीएचएस-सीच्या एका चाकाचे दाते कॅसेटच्या कडेला उघडे दिसतात, कारण ते चाक बाजूनं फिरवलं जातं. इथे तसे दाते नव्हते. दोन सारखी पांढरी भोकं होती. निकाल लागला, आठ मिलिमीटर.

आता सांगाड्याचं. व्हीएचएस-सी ही १९८२ ची कॅसेट, तिच्यात मोठ्या व्हीएचएसचीच अर्धा इंची फीत असते, फक्त थोडी. म्हणून ती सांगाड्यात बसवून साध्या व्हीसीआरवर लावता येते. सांगाड्यात एक पेन्सिल सेल घालावा लागतो, तो फीत ओढून जागेवर आणतो. आठ मिलिमीटरची फीतच अरुंद, तिच्यावरचं मुद्रण वेगळं. तिच्यासाठी व्हीसीआरचा सांगाडा कधी बनलाच नाही. बाजारात कुणी 'मिळेल' म्हणून सांगितलं तर तो व्हीएचएस-सीचाच सांगाडा दाखवणार, आणि आठ मिलिमीटरची कॅसेट त्यात बसणार नाही. ती जबरदस्तीनं दाबून बसवायला जाऊन झाकण मोडलेल्या कॅसेटी माझ्याकडे आलेल्या आहेत. कृपा करून असं करू नका.

यापुढचा पेच फोटोनं सुटण्यासारखा नव्हता. कॅसेटच्या अंगावर 'हाय८' असं छापलेलं होतं आणि घरच्यांना वाटलं, झालं, कळलं. पण आठ मिलिमीटरच्या या एकाच सांगाड्यात तीन पिढ्या राहून गेल्या. १९८५ च्या सुमाराची व्हिडिओ८, १९८९ ची हाय८ आणि १९९९ ची डिजिटल८. तिसरी पिढी हाय८ च्याच कॅसेटींवर चित्रण करत असे. म्हणजे छापलेलं नाव फीत कोणती ते सांगतं, तिच्यावर काय उतरवलंय ते सांगत नाही. लग्न २००१ चं, तेव्हा डिजिटल८ कॅमेरे बाजारात होते. म्हणून मी विचारलं, चित्रण कुणी केलं आणि कॅमेरा कोणता होता? मामांनी केलं होतं, कॅमेरा परदेशातून आणलेला होता, नाव कुणाला आठवेना. अशा वेळी शहाणपणाचा मार्ग एकच. डिजिटल८ चा असा कॅमेरा मिळवायचा जो जुन्या हाय८ आणि व्हिडिओ८ सुद्धा दाखवतो. सगळे दाखवत नाहीत, उत्तरकाळातल्या काही मॉडेलांतून ही सोय काढून टाकली होती. नुसता हाय८ कॅमेरा आणला आणि फीत डिजिटल निघाली तर पडद्यावर चित्रच येत नाही, आणि माणसं 'कॅसेट पुसली गेली' असं समजून ती टाकून देतात. या लग्नाच्या कॅसेटवर डिजिटल८ चंच चित्रण निघालं. साध्या हाय८ यंत्रावर ती कोरी वाटली असती.

याच घराण्यातली पण अगदी लहान, आगपेटीपेक्षा जराशी मोठी कॅसेट दिसली तर ती बहुधा मिनीडीव्ही. लांबी ६.६ सेंटिमीटर, रुंदी ४.८. ही चौकोनाकडे झुकलेली दिसते, त्यामुळे मोजपट्टी नसली तरी ओळखू येते. तिची फसवी जोडीदारीण म्हणजे आवाजाची डॅट कॅसेट, ७.३ सेंटिमीटरची. तिथे मात्र शेजारी नाणं ठेवून मोजल्याशिवाय बोलू नये.

मोठ्या कॅसेटींचं तसं सोपं. व्हीएचएस १८.७ सेंटिमीटर लांब आणि १०.२ रुंद, पावणेदोनपटीहून थोडी जास्त, म्हणजे लांबोडकी. बीटामॅक्स १५.६ लांब आणि ९.६ रुंद, त्यामुळे आखूड आणि ठेंगणी दिसते. आपल्याकडे घरोघरी व्हीएचएसच चालली, म्हणून बहुतेक खोक्यांत तीच असते. पण बीटामॅक्ससारखी दिसणारी कॅसेट एखाद्या पत्रकाराच्या किंवा निर्मात्याच्या घरून निघाली तर सावध व्हावं. व्यावसायिक बीटाकॅमची लहान कॅसेट बाहेरून त्याच मापाची असते, आणि बीटामॅक्सच्या घरगुती यंत्रावर ती दिसत नाही. चिठ्ठीवर 'एल-७५०' असं असेल तर घरगुती, 'बीसीटी' ने सुरू होणारा क्रमांक असेल तर व्यावसायिक. याहून मोठी, जाडजूड, पुस्तकासारखी २२ सेंटिमीटर लांबीची कॅसेट यूमॅटिक असते.

तबकड्यांना मोजपट्टीही लागत नाही, त्या स्वतःच सांगतात. मधला कागदी गोल तबकडीच्या निम्म्याएवढा रुंद असेल तर ती सात इंची, एखाददुसऱ्या गाण्याची. एकतृतीयांश असेल तर मोठी. पण मोठीत दोन जाती आहेत, बारा इंची लाँगप्ले आणि दहा इंची ७८ फेऱ्यांची जुनी लाखेची. लाँगप्लेवर गाण्यागाण्यांमध्ये रेघ मोकळी सुटलेली, उजेडात चमकणारी दिसते. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला एकच गाणं, म्हणून तशी रेघ नसते. आणि ती लाखेची असल्यामुळे फोटोसाठी उचलतानाही फुटू शकते.

नाशिकच्या खोक्यातल्या फ्लॉपी साडेतीन इंची होत्या. त्यात दोन क्षमता असतात. एका कोपऱ्यात सरकतं बटण असतं, ते सोडून त्याच्या समोरच्या कोपऱ्याकडे पाहा. तिथे आरपार चौकोनी भोक असेल तर १.४४ एमबीची, नसेल तर ७२० केबीची. बटणाच्या भोकाकडे पाहून ठरवलं तर फसगत होते, कारण ते उघडं की बंद हे फक्त लिखाणाला कुलूप लावलंय का, एवढंच सांगतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक फोटोत मी आधी शोधतो, खिडकीतून दिसणाऱ्या फितीच्या गुंडाळीवरचे पांढरे ठिपके किंवा भुकटीसारखा थर. ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ती फार धरते. तशी फीत यंत्रात घातली तर बुरशी यंत्राच्या चित्र वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ठिपके दिसले की ती कॅसेट वेगळ्या पिशवीत काढून ठेवायची आणि आधी साफ करणाऱ्याकडे द्यायची.

तेव्हा खोक्याचा फोटो कुणाला पाठवायचा असेल तर सगळं जमिनीवर पसरा, एकमेकांवर रचू नका. फोन अगदी वरून, सपाट धरा. मधोमध एक गाण्यांची कॅसेट किंवा शालेय पट्टी ठेवा. मग ज्या वस्तूचं कळत नाही तिचे आणखी तीन फोटो घ्या, खालची बाजू, जाडीची कड आणि चिठ्ठी. कव्हरचा फोटो काढून भागवू नका, कव्हरं आपल्या घरी सर्रास बदललेली असतात. चित्रण कोणत्या साली, कुणाच्या कॅमेऱ्यानं झालं तेही लिहून पाठवा. आणि हे सगळं या वर्षीच करा. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनं २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आठ मिलिमीटरचे चालू कॅमेरे आता फक्त जुन्या बाजारात मिळतात, आणि त्यांचे रबरी पट्टे वापरात नसले तरी झिजत राहतात.