जुन्या लॅपटॉपवर थ्रीडी गेम: चित्र काढतंय कोण?

ब्राउझरमध्ये चालणारा थ्रीडी गेम इन्स्टॉल करावा लागत नाही. पत्ता टाकला की तो सुरू होतो. दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपवर किंवा शाळेच्या संगणकावर मात्र एका ठिकाणी तो सुरळीत पळतो आणि शेजारच्याच यंत्रावर रांगतो. दोन्ही यंत्रं एकाच वयाची असली तरी असं होतं, कारण प्रश्न वयाचा कमी आणि चित्र काढण्याचं काम कोण करतंय याचा जास्त असतो.

हे गेम वेबजीएल नावाच्या सोयीवर चालतात. 2011 साली आलेली ही सोय ब्राउझरला संगणकातल्या ग्राफिक्स चिपपर्यंत पोहोचवते. जुन्या साध्या लॅपटॉपमध्येही प्रोसेसरच्या पोटात अशी एक छोटी चिप बहुधा असतेच. ती वापरात असेल तर काम भागतं. चिपचा ड्रायव्हर नसेल, किंवा तो इतका जुना असेल की ब्राउझरचा त्यावर भरवसा नसेल, तर चित्र रंगवण्याचं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. मग गेम कमालीचा मंदावतो, नाहीतर सुरूच होत नाही.

शाळेतल्या संगणकांवर याचं एक ठरलेलं कारण सापडतं. विंडोज नव्याने टाकलं जातं, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहतो. पडदा उजळतो, वर्ड चालतं, त्यामुळे उणीव कुणाच्या लक्षात येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये Display adapters खाली Microsoft Basic Display Adapter असं दिसलं, तर ड्रायव्हर नाही असं समजावं. क्रोमच्या पत्त्याच्या जागी `chrome://gpu` टाकलं तरी कळतं. WebGL समोर Hardware accelerated असेल तर चिप कामावर आहे. Software only असेल तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. कधी क्रोमच्या System सेटिंगमधला ग्राफिक्स ॲक्सेलरेशनचा पर्याय कुणीतरी बंद केलेला असतो. शाळेत हे बदल संगणक सांभाळणाऱ्या शिक्षकांकडूनच करून घ्यावेत.

चिप कामावर असूनही गेम अडखळत असेल, तर पुढचा हिशेब ठिपक्यांचा. जुन्या लॅपटॉपचा पडदा बहुधा 1366 × 768 ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके. सेकंदाला तीस चित्रं हवी असतील, तर दर सेकंदाला तीन कोटींहून अधिक ठिपके रंगवायला लागतात. सावल्या, धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं असतील तर एकाच ठिपक्यावर पुन्हा पुन्हा हात फिरतो.

एक उदाहरण घेऊ. ‘वेबजीएल ॲक्वेरियम’ हे माशांच्या टाकीचं जुनं, मोफत प्रात्यक्षिक आहे. त्यात माशांची संख्या बदलता येते आणि सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा, म्हणजे एफपीएस, कोपऱ्यात दिसतो. समजा, पाचशे माशांवर आकडा अठरा आहे. मासे तेवढेच ठेवून ब्राउझरची खिडकी निम्म्या रुंदीची आणि निम्म्या उंचीची करा. ठिपके आता पावपट उरले. आकडा तिसाच्या पुढे गेला, तर चिप ठिपक्यांखाली दबली होती. जागचा फारसा हलला नाही, तर अडचण बहुधा प्रोसेसरची: प्रत्येक मासा कुठे, कसा काढायचा हे चिपला सांगता सांगताच त्याची दमछाक होते आहे. मग मासे शंभरावर आणून पाहा.

हीच कसोटी गेमला लावावी. खिडकी लहान केल्यावर वेग वाढत असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये Resolution निम्मं करावं आणि सावल्या बंद कराव्यात. चित्र थोडं धूसर होईल, पण हालचाल सुधारेल. वेग वाढत नसेल, तर दृश्याचं अंतर आणि एका वेळी दिसणाऱ्या वस्तू कमी कराव्यात, बाकीचे टॅब बंद करावेत. चाचणी पंधरा-वीस मिनिटं चालू द्यावी. पंख्यात धूळ साचलेला लॅपटॉप सुरुवातीला नीट चालतो, तापला की स्वतःचा वेग उतरवतो.

चालण्याजोगं कशाला म्हणायचं, हे गेमवर ठरतं. आळीपाळीने खेळायच्या किंवा कोड्यांच्या गेमला सेकंदाला वीस चित्रंही पुरतात. गाडी पळवायला स्थिर तीस हवीत. इतरांशी ऑनलाइन नेमबाजी करायची तर साठच्या आसपास हवीत, आणि तिथे जुनी चिप बहुतेकदा हार मानते. चौकोनी ठोकळ्यांचं, साध्या रंगांचं जग तिला झेपतं. गवताचं पान न् पान हलणारं रान झेपत नाही.

पैसे खर्चायचेच असतील, तर आधी रॅम पाहावी. या चिपला स्वतःची मेमरी नसते, ती संगणकाचीच रॅम वापरते. एकच पट्टी असेल आणि दुसरी खाच रिकामी असेल, तर तिथे जोडीची पट्टी बसवल्यावर चिपला माहिती जलद मिळते आणि 4 जीबीची चणचणही संपते. एसएसडीने गेम लवकर उघडतो, पण रॅम पुरेशी असेल तर एफपीएसचा आकडा तिच्यामुळे फारसा हलत नाही.