सहसंबंधित परतावे : शोलेस्की पद्धत

संगणक यादृच्छिक संख्या देतो त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतात. बाजारातील परतावे तसे नसतात. दोन शेअरचे परतावे स्वतंत्रपणे काढले, तर एकाची पडझड दुसऱ्याच्या तेजीने वरचेवर भरून निघते आणि पोर्टफोलिओची जोखीम कमी भासते. हा दोष टाळण्यासाठी सहप्रचरणाचे मॅट्रिक्स Σ हे L या खालच्या त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये असे मोडतात, की Σ = LLᵀ. फ्रेंच लष्करी अधिकारी आंद्रे-लुई शोलेस्की यांनी ही रीत भूमापनातील समीकरणांसाठी काढली. 1918 मध्ये ते युद्धात मारले गेले. पद्धत छापली गेली ती 1924 मध्ये.

समजा, पहिल्या शेअरचे वार्षिक प्रमाण विचलन 20 टक्के, दुसऱ्याचे 30 टक्के आणि सहसंबंध 0.6 आहे. मग प्रचरणे 0.04 व 0.09, तर सहप्रचरण 0.2 × 0.3 × 0.6 = 0.036. L चा पहिला घटक √0.04 = 0.2. त्याखालचा 0.036 ÷ 0.2 = 0.18. शेवटचा √(0.09 − 0.18²) = 0.24. म्हणजे दुसऱ्या शेअरच्या चढउतारातील 0.18 हा भाग पहिल्यासोबत येतो आणि 0.24 हा त्याचा स्वतःचा. प्रसामान्य वितरणातून 0.5 आणि −1 या संख्या आल्या, तर पहिल्याचे सरासरीपासूनचे अंतर 0.2 × 0.5, म्हणजे +10 टक्के, दुसऱ्याचे 0.09 − 0.24, म्हणजे −15 टक्के. त्यांत अपेक्षित परतावा मिळवला की एक नमुना तयार होतो. असे हजारो नमुने काढायचे. खाली S म्हणजे Σ, mu म्हणजे अपेक्षित परतावे आणि Z म्हणजे प्रसामान्य वितरणातून आलेल्या स्वतंत्र संख्या.

```
L = np.linalg.cholesky(S)
R = mu + Z @ L.T
```

Z च्या प्रत्येक ओळीत एक नमुना असल्याने येथे `L.T` हवे. नुसते `L` लिहिले तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो, पण वरच्या उदाहरणात विचलने सुमारे 27 आणि 24 टक्के होतात. म्हणून तयार झालेल्या परताव्यांचे सहप्रचरण काढून मूळ Σ शी ताडून पाहावेच.

कधी मात्र वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि गणित अडते. पहिल्या-दुसऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या शेअरचा सहसंबंध 0.9 असेल, तर पहिल्या-तिसऱ्याचा 0.62 पेक्षा कमी असूच शकत नाही. तेथे कोणी 0.2 भरले, तर तसे तीन शेअर अस्तित्वातच असू शकत नाहीत. प्रत्येक जोडीसाठी वेगळ्या कालखंडाची आकडेवारी वापरल्यास किंवा एखादा सहसंबंध हाताने बदलल्यास असे घडते. अशा वेळी कर्णावर लहान संख्या मिळवून वेळ मारून नेण्यापेक्षा सर्व शेअरसाठी एकच कालखंड घेऊन Σ नव्याने काढणे अधिक प्रामाणिक. तरीही शेअरची संख्या निरीक्षणांइतकी किंवा जास्त असेल, तर Σ चा निश्चायक शून्य होतो आणि ही रीत तेथेही अडते.