पहिल्या आंघोळीचा घरचा साबण

दिवाळीत भेट द्यायचा साबण दसऱ्याला करायला घेतला, तर उशीर झालाच म्हणून समजा. वडी दुसऱ्या दिवशी घट्ट होते, पण पाणी उडून ती कडक आणि सौम्य व्हायला चार आठवडे लागतात. घटस्थापना ते नरकचतुर्दशी, बरोबर तेवढेच.

अर्धा किलो खोबरेल तेलाला 92 ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक सोडा पुरतो. पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो, म्हणून सोडा 73 ग्रॅमच घ्यायचा. उरलेलं तेल अंगाला लागतं. माप डिजिटल काट्यावरच, चमच्याने नाही. पाणी 165 ग्रॅम.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. ते उसळून अंगावर येतं. सोडा पडताच गार पाणी चटका बसण्याइतकं तापतं आणि वाफ घशाला झोंबते. म्हणून खिडकी उघडी, डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे आणि मुलं दुसऱ्या खोलीत. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. थेंब उडालाच तर लिंबू-व्हिनेगर शोधू नका, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं हात धरा.

रंगासाठी हळद घातलीत तर पिवळी वडी मिळणार नाही. चुन्याने हळदीचं कुंकू होतं, तशी ती सोड्यानेही लालसर होते. मला तो रंग आवडतो.